नर्सबाई चहाला नाही म्हणत नाही

मध्य प्रदेशातल्या रामाकोन्यात प्रमिलाबाईंचं पूर्ण नाव फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. सौंसरहून येणारी सकाळची छोटी गाडी स्टेशनात शिरली, की पांढरी साडी, खांद्याला पिशवी आणि हातात छत्री एवढं खाली उतरे, आणि गाव म्हणे, नर्सबाई आल्या. गाडी उशिरा आली तरी हेच, न आली तर त्या बैलगाडीत बसून येत, तेव्हाही हेच. छोट्या लाइनीची गाडी वेळेवर येण्याबद्दल कधीच प्रसिद्ध नव्हती. नर्सबाई येण्याबद्दल होत्या.

सत्त्याऐंशी सालच्या त्या हिवाळ्यात त्यांना या गावाची फेरी सुरू करून नऊ-दहा वर्षं झाली असतील. मुलांना सुया टोचणं, पोटुशी बायकांना लोहाच्या गोळ्या देणं, त्या गोळ्या खाल्ल्या की परसात फेकल्या हे चेहऱ्यावरून ओळखणं, आणि चार लेकरं झालेल्या बायांना ऑपरेशनच्या शिबिराला तयार करणं, अशी त्यांची कामं होती. यांतलं शेवटचं सगळ्यांत अवघड. सरकारने त्यासाठी भिंती रंगवल्या होत्या. प्रमिलाबाईंनी त्याहून सोपा मार्ग काढला. दुसरी मुलगी स्मिता झाल्यावर त्यांनी आधी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं आणि ज्या बाईला शंका असेल तिला आतल्या खोलीत नेऊन पोटावरचा व्रण दाखवला. गावातल्या बायकांना तो व्रण इतका पाठ होता, की नवऱ्याला, म्हणजे तहसिलीत शिपाई असलेल्या दादारावांना, तो कोणत्या बाजूला आहे हे त्यांना विचारून घ्यावं लागलं असतं.

त्यांचा आणखी एक नियम होता. कोणत्याही घरी चहाला नाही म्हणायचं नाही.

हा नियम सरकारचा नव्हता, वडिलांचा होता. तुळशीराम पांढुर्ण्याच्या स्टेशनावर संत्र्याच्या पेट्या वॅगनमध्ये चढवायचे. बाजारातल्या हॉटेलात त्यांच्यासाठी आणि त्यांच्या वस्तीसाठी एक ग्लास बाहेर छपराच्या वाशात अडकवलेला असे. तो स्वतः काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, स्वतः विसळून पुन्हा अडकवायचा. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर तुळशीरामांनी देव सोडले आणि त्या हॉटेलचा चहाही सोडला. देव सोडणं त्या मानाने सोपं गेलं, असं ते सांगत. मुलगी नर्स होऊन गावोगाव जाऊ लागली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावली.

"घरात बसवून कपात चहा दिला तं नाई म्हणू नको. आमाले ते पाहाले नाई भेटलं."

प्रमिलाबाईंनी हे शब्दशः पाळलं. रामाकोन्यात त्या ज्या ज्या घरी जात तिथे चहा होई, आणि विदर्भाकडून आलेल्या घरांतला चहा म्हणजे पत्ती, साखर, दूध आणि पाणी यांची उकळून उकळून काढलेली कबुली असे. सकाळी गाडी पकडायच्या घाईत त्या न खाता निघत. पिशवीत दोन भाकरी आणि भाजीचा डबा असे. पहिल्या दोन-तीन घरी चहा झाला की भुकेची आठवणही होत नसे. उलट पाय हलके पडत, तोंड चुरूचुरू चाले, कोणाच्या सासूला काय बोलायचं ते आपसूक सुचे. डबा संध्याकाळी जसाच्या तसा घरी जाई आणि स्मिता तो उघडून म्हणे, "आई, तू डब्याले फिरवून आणते का रोज?"

मनकर्णाबाईंच्या घरी तर चहा ठरलेलाच. मनकर्णाबाई म्हणजे गावातलं भारदस्त घर. कापूस, संत्र्याची बाग, मोठी ओसरी. मुलगा गुणवंता शेती पाही आणि मनकर्णाबाई गुणवंताला पाहत. त्यांच्या ओसरीवर एका खिळ्याला निळ्या फुलांचा एक कप टांगलेला असे. तो नर्सबाईंचा कप. दुसरं कोणी त्यातून पीत नसे, तो घरच्या कपबश्यांत मिसळत नसे. प्रमिलाबाईंना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. वडिलांचा ग्लास बाहेर वाशात होता, आपला कप ओसरीवर खिळ्याला आहे. एका पिढीत एवढं अंतर काही वाईट नाही, असा हिशेब त्यांनी केला. शिवाय कोणीच वापरत नसल्यामुळे त्या घरातला तो सर्वांत स्वच्छ कप होता. आरोग्यखात्यात काम करणाऱ्या बाईला ही गोष्ट दुर्लक्षून चालत नाही.

त्या घरी त्यांचं खरं काम सुनेपाशी होतं. वत्सला चार बाळंतपणांनी पार वाळली होती. चौथ्या वेळी इतकं रक्त गेलं, की सौंसरच्या दवाखान्यात तिला दोन बाटल्या चढवाव्या लागल्या, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पाचवं झालं तर लेकरू वाचेलही, ही वाचणार नाही. गुणवंता तयार होता. वत्सला तर कधीचीच तयार होती. मनकर्णाबाईंना मनवायला प्रमिलाबाईंना अख्खा पावसाळा लागला. शेवटी दिवाळीनंतर त्या म्हणाल्या, "ने बाप्पा, शिबिराले ने. तुयाच भरोशावर पाठवून राहिली."

शिबिर संक्रांतीच्या आसपास होतं. आणि त्याच्या थोडं आधी, मंदिराच्या ओट्यावर लेकरांची वजनं घेता घेता, प्रमिलाबाईंचे हात कापायला लागले.

दुपार झाली होती. सकाळपासून त्या नेहमीपेक्षा जास्त घरं फिरल्या होत्या. अंगाला घाम सुटला, डोकं जड झालं, पोटात ढवळून आलं. काट्यावरचं लेकरू त्यांनी आईच्या हातात दिलं, पदर तोंडाला लावला आणि मंदिरामागे जाऊन ओकल्या. ओकण्यात चहाशिवाय काही नव्हतं, पण तेवढं बारकाईनं कोणी पाहिलं नाही. आठ-दहा बाया ओट्यावर होत्या. त्या एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि त्यांचं निदान डॉक्टरांपेक्षा कितीतरी लवकर झालं.

"बाईले दिवस गेले वाटते."

"ऑपरेशन झालं ना वो तिचं?"

"तेच तं म्हणून राहिली मी."

एकीने शंका काढली, की मळमळ सकाळी असते, ही तर दुपारची. त्यावर एका जाणकार बाईने सांगितलं, की काहींना दुपारचंच होते, तिच्या जावेला दुपारचंच होत होतं आणि मुलगा झाला.

पुढच्या फेरीलाही तेच झालं. या वेळी कोणाच्या तरी अंगणात, लिंबाखाली. मग गावाला पुरावा पुरेसा झाला. आजवर ऑपरेशन करून आलेल्या बाया आपापल्या पोटाकडे संशयाने पाहू लागल्या. शिबिराला येतो म्हणालेल्यांपैकी एकीचा नवरा अचानक परगावी गेला, दुसरीला ताप आला. ज्या व्रणाच्या जोरावर प्रमिलाबाईंनी गाव जिंकलं होतं, तोच आता त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होता.

मनकर्णाबाईंनी ओसरीवरूनच सांगितलं. कप खिळ्यावर होता, पण चहाचं नाव नव्हतं.

"वत्सला नाई येणार. तुयंच ऑपरेशन फसलं, तं माया सुनेचं काय टिकणार? उगाच पोट फाडून आणाचं अन् वरतून पाचवं?"

"आजी, मले दिवस नाई गेले."

"मंग ओकून काहून राहिली?"

वत्सला दाराआडून पाहत होती. दाराची कडी नुसती घट्ट धरून उभी राहिली. परतीच्या गाडीत प्रमिलाबाईंना तो हात दिसत राहिला. आणि खरं सांगायचं तर थोडी स्वतःचीही धाकधूक होती. ऑपरेशन फसल्याच्या गोष्टी नर्सनीही ऐकलेल्या असतात.

सौंसरला नव्याने आलेले डॉक्टर रवींद्र तरुण होते, नागपूरला शिकलेले, आणि अजून लोकांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकण्याची सवय त्यांची सुटलेली नव्हती. त्यांनी लघवी तपासली. दिवस गेलेले नव्हते. डोळे पाहिले; कावीळ नव्हती. रक्त थोडं कमी होतं, पण मध्य प्रदेशातल्या बाईचं रक्त कमी नसतं तर त्यांनी तपासणीवर शंका घेतली असती.

"सिस्टर, रोज होतं का हे?"

"नाही सर. फेरीच्या दिवशीच. दवाखान्यात ड्युटी असली की काही नाही."

"फेरीच्या दिवशी काय खाता?"

प्रमिलाबाई थांबल्या. मग म्हणाल्या, "चहा."

"चहासोबत?"

"चहा."

डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतलं. "भूक लागत नाही?"

"नाही ना सर. तोच तर फायदा आहे. दुपारपर्यंत भुकेची आठवण पण येत नाही."

"भूक लागते, सिस्टर. तुम्हाला कळत नाही, एवढंच." ते म्हणाले. "चहात कॅफिन असतं. आपण जागे असतो, राबत असतो, तसा मेंदूत थकव्याचा निरोप साचत जातो. त्या निरोपाची बसायची एक ठरलेली खुर्ची असते. कॅफिन आधी जाऊन त्या खुर्चीत बसतं. निरोप दारात उभा राहतो, आत काही कळत नाही. वरून अंगात जरा घाई-धावपळीचा रस सुटतो, भीती वाटल्यावर सुटतो तसा. लिव्हरमध्ये ठेवलेली साखर थोडी थोडी रक्तात येते, भूक दबते. तुम्हाला वाटतं, वा, आज किती तरतरी आहे."

"आणि मग?"

"मग काही तासांनी कॅफिन ओसरतं, खुर्ची रिकामी होते. दारात उभे असलेले सगळे निरोप एकदम आत घुसतात. रात्रीपासून पोटात अन्न नाही, ठेवणीतलं बरंच वापरून झालंय, चहातली साखर चढली तशी उतरलीय. म्हणून हात कापतात, घाम येतो, डोकं जड होतं. आणि चहा रिकाम्या पोटात आम्ल वाढवतो. उकळलेल्या पत्तीचा तुरटपणा पोटाला झोंबतो. तिथून मळमळ. सगळ्यांना सारखी होत नाही. पण तुम्ही तर एका सकाळी आठ-नऊ कप..." ते थांबले. "एखाद्या घरी नको म्हणता येत नाही का?"

"नाही," प्रमिलाबाई म्हणाल्या. कारण सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलंही नाही. त्यांनी फक्त पुढच्या फेरीला आधी भाकर आणि मग चहा, असं करून पाहायला सांगितलं. एकदम बंद मात्र करू नका म्हणाले. सवयीचा चहा एकाएकी तुटला, की डोकं ठणकतं.

रविवारी त्या पांढुर्ण्याला वडिलांकडे गेल्या. तुळशीराम आता पेट्या उचलत नव्हते, खाटेवर बसून स्टेशनाकडून येणाऱ्या गाड्यांचे भोंगे ओळखत. मुलीने सगळं सांगितलं, आणि जरा चाचरत विचारलं, की काही घरी नको म्हटलं तर चालेल का.

म्हाताऱ्याने खाटेवर मांडी सावरली.

"मी तुले चहा प्याले सांगतलं होतं. उपाशी राहाले कोण सांगतलं?"

"मंग काय करू, बाबा?"

"भाकर माग."

प्रमिलाबाई हसल्या. तुळशीराम हसले नाहीत. चहा देणं सोपं असतं, त्यांना माहीत होतं. चहा पातळ असतो, वरून ओतता येतो.

पुढची फेरी एरवीच्या वारी न येता शनिवारी आली. प्रमिलाबाईंनी गाडीतच एक भाकर खाल्ली, आणि मग घरोघरचा चहा घेतला, थोडा कमी, अर्धा अर्धा. दुपार झाली. हात कापले नाहीत. त्यांनी मुद्दाम मंदिराच्या ओट्यावर बसून बायांसमोर सुईत औषध भरलं, पण न ओकलेल्या बाईकडे कोण पाहतं. गावाने एवढंच म्हटलं, आज नाही झालं, उद्या होईल.

मग त्या मनकर्णाबाईंच्या घरी गेल्या.

मनकर्णाबाई ओसरीच्या खांबाला डोकं टेकवून बसल्या होत्या. डोळे मिटलेले, कपाळावर घाम, पदराचा बोळा तोंडाशी. वत्सला शेजारी लिंबू घेऊन उभी होती. शनिवार म्हणजे त्यांचा जामसांवलीच्या मारुतीचा उपवास. पंधरा-वीस वर्षांचा. संध्याकाळी दिवा लावून सोडायचा, तोवर अन्नाचा कण नाही. चहा चालतो. चहा किती चालतो याला मात्र कोणी मर्यादा घातली नव्हती.

"काय झालं, आजी?"

"पित्त झालं, अखीन काय. दर शनवारी होते."

प्रमिलाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "दर शनवारी? दुपारचंच?"

"हो."

"अन् सकाळी?"

"सकाळी काई नाई. सकाळी तं भूकच नाई लागत. मारुतीची किरपा आहे." मनकर्णाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "अकरा वाजतपर्यंत सारं घर झाडून होते, कापूस वेचणाऱ्या बायाइच्या मागं फिरून येते, अंगात वारं भरल्यावानी. मंग दुपारी असं होते. हात कापते, मळमळते."

"ओकता का?"

"कधी कधी."

प्रमिलाबाई शांतपणे खाली बसल्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. लोहाची गोळी कोणी परसात फेकली हे विचारताना असे, तेवढाच गंभीर चेहरा.

"आजी, मंग तुमाले दिवस तं नाई ना गेले?"

वत्सलाच्या हातातलं लिंबू पडलं. मनकर्णाबाईंनी डोळे उघडले. त्यांचा मोठा नातू गावच्या शाळेत मिशा फुटायच्या बेतात होता.

"काय बोलून राहिली वं तू?"

"मी काई नाई बोलत. गाव बोलून राहिलं. दुपारी हात कापते, मळमळते, ओकते, त्या बाईले दिवस गेले म्हणते. तुमीच तं म्हणत होत्या."

आत कोणीतरी तोंड दाबून हसलं. वत्सला असावी, कारण ती तोवर ओसरीवरून नाहीशी झाली होती. मनकर्णाबाईंनी प्रमिलाबाईंकडे रोखून पाहिलं. आयुष्यभर त्यांनी लोकांना पेचात धरलं होतं, आणि पेच चांगला बसला की तो ओळखता येण्याइतक्या त्या प्रामाणिक होत्या.

"सांग," त्या म्हणाल्या. "काय असते ते."

प्रमिलाबाईंनी डॉक्टरांची खुर्ची तिथे नेली नाही; ओसरीवर खुर्ची नव्हतीच. खाट होती.

"आजी, ह्या खाटीवर जावई येऊन बसला, तं वावरातून थकून आलेला गडी बसन का इथं?"

"कसा बसन? भायेर उभा राहीन."

"जावई बसला आहे तोवर तुमाले वाटन, घरात कोणीच थकलं नाई. सारं ठीक आहे. अन् जावई उठून गेला का?"

"सारे गडी एकदम आत येतीन." मनकर्णाबाई थांबल्या. "जेवाले मागतीन."

"तो जावई म्हणजे चहा. सकाळची भूक गेली नसते, आजी, ते भायेर उभी राहते. जावई गेला का दुपारी सारी एकदम आत. अन् पोटात भाकर नाई, चहाचा आंबटपणा तेवढा भरलेला. मंग मळमळ. मायं बी तसंच झालं. न खाता निघत होती, घरोघरचा चहा पीत होती. आज भाकर खाऊन आली, पाहा." त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. हात स्थिर होते.

मनकर्णाबाईंनी ते हात बराच वेळ पाहिले, विकत घ्यायच्या बैलाचे दात पाहावेत तसे.

"म्हणजे मारुतीची किरपा नाई?"

हा प्रश्न अवघड होता. प्रमिलाबाईंच्या घरात मारुती नव्हता, आणि इथे त्या मारुतीची बदनामी करायला आल्या नव्हत्या.

"पंधरा-वीस वर्सं असं करून बी तुमी धडधाकट आहा," त्या म्हणाल्या. "किरपा नाई कशी म्हणू? पण सकाळचं काम चहा करते. शेंगदाणे, केळं, दूध, हे उपासाले चालते ना? ते पयले घ्या, मंग चहा. मारुतीले राग नाई येत. अन् चहा मोजका."

मनकर्णाबाईंनी आत हाक मारून दूध मागवलं. ते हळूहळू संपवलं. काही वेळाने कपाळावरचा घाम गेला, डोकं खांबावरून उठलं. मग म्हणाल्या, "तू नाई म्हणत नाई ना कोणत्याच घरी. चहाले."

"नाई."

"काहून?"

प्रमिलाबाईंची नजर खिळ्यावरच्या कपाकडे गेली आणि परत आली. मनकर्णाबाईंनीही तिकडे पाहिलं. त्या घरात गोष्टी समजायला वेळ लागे, पण समजल्या की पुन्हा सांगाव्या लागत नसत.

"वत्सला," त्यांनी हाक मारली, "चूल पेटली आहे ना? बाईले भाकर दे. गरम दे. वांग्याची भाजी आहे."

आत भांड्याचा आवाज थांबला. वत्सलाने दारातून विचारलं, "कशात देऊ?"

प्रमिलाबाईंनी त्या क्षणी पिशवीचा बंद उगाचच सोडला आणि पुन्हा बांधला. पिशवीत दुसरी भाकर होती. ती काढून, माझी आहे, म्हणता आलं असतं, आणि सगळ्यांची सुटका झाली असती. त्यांनी ती काढली नाही.

मनकर्णाबाई सुनेवर खेकसल्या. "कशात म्हणजे? ताटात. घरात ताटं नाई का?"

ताट पितळेचं आलं, काठाला गुणवंताच्या बापाचं नाव कोरलेलं. प्रमिलाबाई जेवल्या. सावकाश, गाडीची वेळ झाली तरी. मनकर्णाबाई समोर बसून पाहत राहिल्या, आणि मध्येच म्हणाल्या, की भाकर जाड झाली, वत्सलाच्या हातात जीव नाही. मग त्यांनी स्वतःच पुढचं वाक्य जोडलं.

"जीव राहीन कुठून. ने तिले शिबिराले. अन् त्या दोघी-तिघी भेल्या आहेत ना, त्याइले मी सांगते."

त्यांनी सांगितलं. काय सांगितलं ते प्रमिलाबाईंना पुढे कळलं: नर्सबाईला दिवस गेले म्हणणाऱ्या बाईने मनकर्णालाही तसं म्हणून दाखवावं. कोणी म्हणून दाखवलं नाही. संक्रांतीला बैलगाडीत पाच बाया सौंसरला गेल्या, पुढे वत्सला. ऑपरेशन झालं. टाके काढायला प्रमिलाबाई घरी गेल्या तेव्हा वत्सला उन्हात बसून स्वतःची वेणी घालत होती; तिला त्यांनी असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पांढुर्ण्याला तुळशीरामांनी सगळं ऐकून घेतलं. ताटाचं पुन्हा एकदा ऐकलं.

"ताट कोण धुतलं?" त्यांनी विचारलं.

"वत्सला. मी उचलाले गेली, तं बुढी म्हणे, बस."

म्हाताऱ्याने मान हलवली. बाहेर इटारसीकडे जाणारी मालगाडी भोंगा देऊन गेली. ती पुढच्या तिगाव स्टेशनात थांबणार की नाही, यावर त्यांनी थोडा विचार केला, आणि मग सुनेला सांगितलं, प्रमिलासाठी चहा ठेव. "पण पयले काई खाऊ घाल," ते म्हणाले.